दोन कोटी जमा, उत्पन्न दहा लाख

मार्च उजाडला की कंपन्यांच्या हिशेब विभागात एक मोह हमखास डोके वर काढतो. सरकारी अनुदानाची रक्कम बँकेत जमा झालेली असते, वर्षाचा नफा अपेक्षेपेक्षा कमी दिसत असतो, आणि मग सगळी रक्कम ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवून मोकळे व्हावेसे वाटते. पैसे खरे, मंजुरीपत्र खरे, बँकेची नोंदही खरी. तरीही ऑडिटर इथे अडतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. फळप्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीने आठ कोटींची यंत्रसामग्री बसवली आणि 1 ऑक्टोबर 2022 रोजी ती चालू केली. यंत्रांचे आयुष्य दहा वर्षे धरले आहे. शासनाने त्यासाठी दोन कोटींचे अनुदान मंजूर केले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ते खात्यात आले. अटी दोन: कारखाना किमान पाच वर्षे चालू ठेवायचा आणि 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्यायच्या.

मार्च 2023 च्या नफ्यात यातले किती घ्यायचे? दहा लाख. ‘इंड एएस 20’ या लेखामानकाचा पाया असा, की अनुदान ज्या खर्चासाठी मिळाले त्या खर्चाबरोबरच ते उत्पन्नात यावे. यंत्राचा खर्च घसाऱ्याच्या रूपाने दहा वर्षे पसरतो, म्हणून अनुदानही दहा वर्षे पसरते. वर्षाला वीस लाख, आणि पहिले वर्ष सहाच महिन्यांचे म्हणून निम्मे. उरलेले एक कोटी नव्वद लाख ताळेबंदात देण्यांच्या बाजूला थांबतात. अनुदान यंत्राच्या किमतीतून वजा करण्याचीही मुभा आहे. तसे केले तर घसारा कमी होतो, नफ्यावरचा परिणाम तोच. लहान कंपन्यांना लागू असलेल्या जुन्या ‘एएस 12’ मध्येही यंत्रावरच्या अनुदानाचे तत्त्व असेच आहे.

पण त्याआधीचा प्रश्न जास्त अवघड आहे: अनुदानाची नोंद मुळात करायची कधी? मानक म्हणते, कंपनी अटी पाळेल आणि रक्कम मिळेल, या दोन्हींची वाजवी खात्री झाल्यावर. ते असेही स्पष्ट करते, की पैसे हाती आले एवढ्यावरून अटी पूर्ण झाल्या किंवा होतील, असे सिद्ध होत नाही. उलट, खात्री असेल तर पैसे यायच्या आधीही नोंद करता येते. मात्र त्यासाठी नुसता अर्ज केल्याची पोच पुरत नाही, आणि ती पोच दाखवूनच अनुदान ‘येणे’ धरणाऱ्या कंपन्या कमी नाहीत.

म्हणून ऑडिटरने मंजुरीपत्राची सारांशवजा नोंद न वाचता मूळ पत्र, सोबतची परिशिष्टे आणि ज्या शासन निर्णयाखाली मंजुरी मिळाली तो निर्णय वाचायला हवा. अटी बहुधा शेवटच्या पानांवर असतात. शक्य असेल तर संबंधित विभागाकडून थेट लेखी पुष्टी मागवावी. अनुभव असा, की उत्तर वेळेवर येतेच असे नाही. तेव्हा आधीच्या दाव्यांचे काय झाले आणि मार्चनंतर पैसे आले का, हे पाहावे लागते.

नोकऱ्यांची अट तपासताना व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र हा सर्वांत कमकुवत पुरावा. पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीची चलने आणि अधिवास प्रमाणपत्रे एकमेकांशी ताडली, की आकडे बोलू लागतात. कंत्राटी कामगार मोजणीत घ्यायचे की नाही, हे योजनेत पाहायचे, तर्काने ठरवायचे नाही. यंत्रावरचा अनुक्रमांक बिलाशी जुळतो का, हे कारखान्यात जाऊन बघावे. मासिक वीजबिले तर फार उपयोगी: ‘चालू’ म्हणवणाऱ्या कारखान्याचा वीजवापर अचानक कोसळला असेल, तर विचारायला हवे.

समजा, याच कंपनीने स्थानिकांची अट मोडली आणि शासनाने मार्च 2025 अखेर पूर्ण दोन कोटी परत मागितले. तोवर दहा, वीस आणि वीस असे पन्नास लाख उत्पन्नात गेले असतील. परतफेडीचे दीड कोटी ताळेबंदात थांबलेल्या रकमेतून वळते होतात आणि उरलेले पन्नास लाख त्याच वर्षीच्या खर्चात पडतात. व्याज मागितले तर तोही खर्चच. जिने पहिल्याच मार्चमध्ये सगळे दोन कोटी नफ्यात घेतले, तिला मात्र आता पुरे दोन कोटी नफ्यातून काढावे लागतील, आणि त्या फुगलेल्या नफ्यावर वाटलेला लाभांश परत मागता येत नाही.

इथे तारखांचाही एक पेच असतो. परतफेडीची नोटीस मेमध्ये आली आणि ऑडिट जूनमध्ये पूर्ण होत असेल, तर ‘नोटीस पुढच्या वर्षातली’ हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पाहायचे ते नोटिशीचे नव्हे, तर अट मोडल्याचे वर्ष. कामगारांचे प्रमाण जानेवारीतच घसरले असेल, तर नोटिशीने फक्त मार्चअखेर असलेली स्थिती उघड केली, आणि तिचा परिणाम त्याच मार्चच्या ताळेबंदात दिसायला हवा. व्यवस्थापन ऐकत नसेल, तर ऑडिटरला आपल्या अहवालात मर्यादित मत द्यावे लागते.