एकवीस फुटांचं दार बिलात पन्नास फूट कसं होतं?

तीन फूट रुंद, सात फूट उंच फ्लश दाराचं क्षेत्रफळ 21 चौरस फूट. दोन्ही बाजू धरल्या तर 42. कंत्राटदाराच्या बिलात मात्र त्याच दारापुढे 50.4 असा आकडा दिसतो आणि घरमालकाला वाटतं, आठ फूट लाटले. बहुतेक वेळा तसं नसतं. हा आकडा समजला तर वार्निशचे किती डबे लागतील, हेही घरबसल्या काढता येतं.

आपल्याकडे सरकारी कामांत दारं-खिडक्या चौकटीसकट सपाट मोजतात, म्हणजे फक्त रुंदी गुणिले उंची. पण ब्रश पल्ल्याच्या कडांवरही फिरतो आणि चौकटीच्या जाडीतही. या फटी-कोपऱ्यांत टेप घालत बसण्यापेक्षा सपाट मापाला एक गुणक लावतात. प्रत्येक बाजूसाठी फ्लश दाराला 1.20, पॅनेलच्या दाराला 1.30 आणि पूर्ण काचेच्या खिडकीला 0.80. व्हेनेशियन, म्हणजे आडव्या तिरप्या पट्ट्यांच्या झडपेला तर 1.80, कारण तिथे प्रत्येक पट्टीला वर, खाली आणि कडेला ब्रश लागतो.

फ्लश दाराचा गुणक तपासून पाहता येतो. चौकटीची लांबी दोन्ही बाजूंना सात-सात आणि वर तीन, अशी 17 फूट. तिची खोली पाच इंच धरली तर सुमारे 7 चौरस फूट. पल्ल्याच्या चारही कडा मिळून आणखी सुमारे 2. म्हणजे 42 मध्ये नऊएक फुटांची भर पडली. गुणकाने धरलेली वाढ आहे 8.4. हिशेब ओढूनताणून केलेला नाही, हे यावरून कळतं.

आता एक घर घेऊ. सागवानी पॅनेलची दोन दारं, प्रत्येक साडेतीन बाय सात. तीन फ्लश दारं, तीन बाय सात. लाकडी चौकटीच्या पाच काचेच्या खिडक्या, चार बाय चार. गुणक आणि दोन्ही बाजू धरून पॅनेलची दारं 127.4, फ्लश 151.2, खिडक्या 128. एकूण जवळपास 407 चौरस फूट. गुणक न लावता हेच 384 आलं असतं. फरक थोडाच दिसतो, कारण दारांत जे वाढलं त्यातलं बरंच काचेने कमी केलं. याच खिडक्या पट्ट्यांच्या असत्या तर एकट्या त्यांचेच 288 फूट झाले असते.

यापुढे हातांचा हिशेब येतो आणि खरी गफलत इथेच होते. तीन हात म्हणजे 407 गुणिले तीन, भागिले डब्यावरचं लिटरमागचं क्षेत्रफळ, असं सरसकट केलं जातं. डब्यावरचा आकडा एका हाताचा आणि गुळगुळीत, फार न शोषणाऱ्या पृष्ठभागाचा असतो. कोरं लाकूड, विशेषतः त्याचे कापलेले टोकाकडचे भाग, पहिला हात पिऊन टाकतात. समजा, डब्यावर लिटरला 110 चौरस फूट लिहिलंय. कोऱ्या लाकडावर पहिल्या हाताला मी 80 च धरेन. म्हणजे पहिल्याला सुमारे 5.1 लिटर, पुढच्या दोघांना प्रत्येकी 3.7. बेरीज साडेबारा. ब्रशला, डब्याच्या तळाला राहणारं पाच टक्के धरलं की तेरा लिटर. गुणक विसरून, तिन्ही हात सारखे मानले असते तर साडेदहाच आले असते आणि तिसरा हात अर्ध्यावर आटोपला असता.

पूर्वी वार्निश झालेल्या दाराला हे लागू नाही. जुना थर घट्ट असेल आणि फक्त घासून पुन्हा चढवायचं असेल, तर पहिला हातही जवळपास डब्यावरच्या आकड्यासारखाच जातो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने घासतात त्या पॉलिशला तर हातांची गणतीच लावू नये. त्याचे थर इतके पातळ असतात की कारागीर चकाकी पाहून थांबतो, मोजून नव्हे.

माल कमी पडला की ते दारावर दिसतं. उजेड तिरपा पडेल असं उभं राहून पाहिलं की एकाच पल्ल्यावर चकचकीत आणि मंद असे पट्टे दिसतात. मंद जागी लाकडाने पिऊन टाकलेलं असतं आणि वरचा थर चढलेला नसतो. वार्निश वाचवण्यासाठी त्यात थिनर वाढवणं हा उपाय नव्हे, कारण थिनर उडून जातं आणि थर तेवढाच पातळ उरतो.

दुसरी तपासणी कडांची. गुणकात त्यांचे पैसे आपण दिलेले असतात, पण दाराच्या खालच्या कडेला वाकून ब्रश लावायचा कंटाळा केला जातो. उघड्या राहिलेल्या त्या कडेतून पावसाळ्यात ओल शिरते, पल्ला फुगतो आणि दार फरशीला घासू लागतं. बिल चुकतं करण्याआधी दाराखाली छोटा आरसा सरकवून पाहावा. खालून कोरं लाकूड दिसलं तर काम अपुरं आहे.