अडलेल्या दाराची बारा वर्षं

आमच्याकडे फ्रंट लोड वॉशिंग मशीन आलं त्याला बारा वर्षं झाली. मधे एकदा मशीन बदललं. या काळात दार अडून बसलं ते मोजून चार वेळा. पहिल्या वेळी मी हिसका दिला आणि हँडलच हातात आलं. कुलूप शाबूत होतं. त्याला फक्त दोन मिनिटं हवी होती.

हे कळलं मेकॅनिकनं जुनं कुलूप खोलून दाखवलं तेव्हा. आत विजेवर तापणारी एक चकती आणि तिला लागून दोन धातूंची पट्टी. तापली की पट्टी वाकते आणि खटका अडकतो. वीज बंद झाली तरी ती निवेपर्यंत खटका सुटत नाही. म्हणून दुसऱ्यांदा, ऐन धुण्यात वीज गेली तेव्हा मी चहा ठेवला. चहा उकळायच्या आत ‘टक्’ झालं. पाणी काचेच्या खाली होतं, त्यामुळे कपडे निवांत काढता आले.

तिसरा प्रसंग खरा शिकवणारा. अर्धा तास उलटला तरी दार हलेना. टॉर्च मारला तर काचेमागे पाणी! पाणी उरलं असेल तर मशीन दार सोडत नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर बादलीभर पाणी पायावर आलं असतं. प्लग काढला. धुणं गरम पाण्याचं होतं, म्हणून ते कोमट होईपर्यंत थांबलो. खालची छोटी झडप उघडली, तिथली बारीक नळी परातीत सोडून टोकाचं बूच काढलं. परात भरली की बूच लावायचं, ओतून यायचं. अशा सात फेऱ्या झाल्या. पाणी थांबल्यावरच फिल्टर फिरवून काढला. त्यात दोन रुपयांचं नाणं, केसांची पिन आणि धाग्यांचा लगदा. फिल्टर घट्ट बसवून नुसतं ‘स्पिन’ लावलं. उरलंसुरलं पाणी गेलं आणि दार उघडलं.

चौथ्यांदा नवं मशीन. त्याचं कुलूप वेगळं: विजेच्या झटक्यानं लागतं आणि झटक्यानंच सुटतं. वीज गेली की चहाच्या दहा आधणांनीही ते उघडत नाही. त्यासाठी फिल्टरजवळ नारिंगी दोरीवजा पट्टी आहे. प्लग काढून, ड्रम थांबलाय आणि पाणी काचेच्या खाली आहे हे बघून ती हळूच खाली ओढली, दार सुटलं. सगळ्याच मशीनना ती नसते. अशा वेळी मेकॅनिक दाराच्या फटीत नायलॉनची दोरी घालून खटका ओढतात. स्क्रूड्रायव्हर घालू पाहणाऱ्या शेजाऱ्यांना मात्र मी अडवलं. काचेची किंमत मला ठाऊक होती.

धुण्याआधी खिसे तपासायचं काम आता मुलाकडे आहे. मिळेल ते त्याचं. परवा पाच रुपये मिळाले, माझ्याच शर्टातले.