उत्तर एका ओळीचं, लेख दीड हजार शब्दांचा

वडील वारले की शेतजमिनीवर वारसांची नावं लावायची असतात. दिवसकार्य आटोपलं की घरातलं कोणीतरी मोबाइल काढतं आणि लिहितं, ‘वारस नोंद किती दिवसात करावी’. उत्तर एवढंच आहे: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे, हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावं. पण जे पान उघडतं त्याची सुरुवात ‘आपला देश कृषिप्रधान आहे’ इथून होते. मग जमिनीचं महत्त्व, मग वारस कोणाला म्हणतात, मग वारस नोंदीचे फायदे, आणि ते तीन महिने कुठेतरी नवव्या परिच्छेदात. लिहिणाऱ्याला विषय कळत नव्हता असं नाही. त्याला दीड हजार शब्द भरायचे होते.

हा आकडा येतो कुठून? बहुतेक वेळा कामाच्या कागदावरूनच. कंटेंट रायटरला विषयाबरोबर कीवर्ड, उपशीर्षकांची संख्या आणि शब्दांची संख्या आधीच ठरवून दिलेली असते. पैसेही अनेकदा शब्दावर मिळतात, त्यामुळे आटोपशीर लिहिणाऱ्याच्याच खिशाला चाट बसते. वेबसाइट बनवणाऱ्यांच्या वापरातलं योस्ट नावाचं साधन तर साध्या लेखात तीनशेपेक्षा कमी शब्द दिसले की नापसंतीचा दिवा दाखवतं. भरीला सर्वेक्षणं. बॅकलिंको या संस्थेने गुगलच्या पहिल्या पानावर येणाऱ्या लेखांची सरासरी लांबी काढली, ती 2016 मध्ये 1,890 शब्द आणि 2020 मध्ये 1,447 शब्द निघाली. यावरून बाजाराने निष्कर्ष काढला की लांब लेख वर येतो. पण वर आलेल्या लेखांपैकी अनेकांचा विषयच मोठा असणार, आणि ते जुन्या, नावाजलेल्या साइटवरचेही असणार. लांबी त्यांच्यासोबत आली. त्यांना वर तिनेच नेलं असं त्या सरासरीवरून सिद्ध होत नाही. गुगलने लेखकांसाठी जी मार्गदर्शक प्रश्नावली दिली आहे तिच्यात हा प्रश्न थेट आहे: गुगलला अमुक इतके शब्द आवडतात असं ऐकून तुम्ही लिहिताय का? पुढे कंसात उत्तरही आहे की अशी कोणतीही पसंती नाही.

मराठीत तर हा आकडा दुहेरी फसवा. तो इंग्रजी पानांवरून आलेला आहे, आणि आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘जमिनीवरच्या’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेवढ्याला तीन शब्द मोडतात. इंग्रजी दीड हजार शब्दांत मावणारा मजकूर मराठीत त्याहून बऱ्याच कमी शब्दांत बसतो. उरलेली जागा मग कृषिप्रधान देशाने भरायची.

तेव्हा लांबी ठरवायची कशी? शोधणाऱ्याला काय हवं आहे ते आधी पाहून. अँड्रेई ब्रोडर यांनी 2002 मध्ये इंटरनेटवरच्या शोधांचे तीन प्रकार मांडले: काहीतरी जाणून घ्यायचं, विशिष्ट साइटवर पोचायचं, किंवा एखादं काम उरकायचं. सातबाऱ्याच्या भोवतीचे शोध घेतले तर हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात. ‘महाभूलेख’ असं लिहिणाऱ्याला सरकारी साइट हवी आहे. त्याच्यासाठी लेख लिहूच नये. तो आपल्या पानावर चुकून आला तरी दोन सेकंदांत परत जाणार. ‘सातबारा म्हणजे काय’ असं विचारणाऱ्याला गाव नमुना सात, म्हणजे मालकी आणि हक्कांची नोंद, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, हे दोन्ही कळलं पाहिजे. सोबत उताऱ्याच्या एका नमुन्यावर कुठे काय असतं ते बाणांनी दाखवलं तर दोनशे शब्द पुरतात. आणि ‘किती दिवसात’ विचारणाऱ्याला एक ओळ. गुगल ज्या माणसांकडून निकालांची प्रत तपासून घेतं त्यांच्या मार्गदर्शिकेत या शेवटच्या प्रकाराला वेगळं स्थान आहे: ज्याचं पूर्ण आणि अचूक उत्तर मोबाइलच्या एका पडद्यात मावतं, असा प्रश्न.

आता चौथा शोध घेऊ: ‘वारस नोंद कशी करावी’. ‘किती दिवसात’ आणि ‘कशी’ एवढाच फरक, पण इथे माणसाला एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पाडायचं आहे. लिहायला बसण्याआधी त्याच्या वाटेवरचे प्रश्न त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवावेत. अर्ज कुठे करायचा, तलाठ्याकडे की ऑनलाइन? कोणते कागद लागतात? अर्ज दिल्यावर पुढे काय होतं? एखाद्या भावाने हरकत घेतली तर? लग्न झालेल्या बहिणींची नावं लागतात का? मृत्युपत्र असेल तर? काम झालं हे ओळखायचं कसं?

यातला प्रत्येक प्रश्न स्वतःची लांबी सांगतो. कागदपत्रांना गद्य नको, यादी हवी: मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते आणि मृताशी नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे, जमिनीचे सातबारा आणि आठ-अ उतारे. अर्ज कुठे करायचा याला दोन वाक्यं पुरतात. तलाठ्याकडे करता येतो, ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. आणि 2024 पासून तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, हे सांगितलं नाही तर कार्यालयाच्या पाटीसमोर माणूस गोंधळतो.

‘पुढे काय होतं’ या प्रश्नाला मात्र जागा द्यावी लागते, कारण लोक इथेच अडतात. वारसांची नावं आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये, चढतात. मग गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो. संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतो, आणि त्यानंतरच नाव सातबाऱ्यावर येतं. हे नीट सांगितलं की ‘अर्ज देऊन आठवडा झाला तरी नाव का लागलं नाही’ या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. यालाही एक पूर्ण परिच्छेद द्यावा, कारण ज्याच्या घरात वाद आहे त्याच्यासाठी सगळा लेख या एका परिच्छेदातच आहे.

बहिणींचा प्रश्न कसोटी पाहणारा आहे. लेखकाचा हात इथे सैल सुटतो: हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती, सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा विनीता शर्मा निकाल, सहदायाद म्हणजे काय. सगळं खरं, सगळं महत्त्वाचं. पण अर्ज भरायला बसलेल्या माणसाला आत्ता एवढंच हवं आहे की लग्न झालेली असो वा नसो, मुलगी वारस आहेच आणि तिचं नाव अर्जातून गाळू नये; तिला हिस्सा सोडायचा असेल तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा वेगळा दस्त आहे. तीन वाक्यं. बाकीचा इतिहास ‘मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत हक्क’ असा शोध घेणाऱ्यासाठी, त्याच्या वेगळ्या लेखात. मृत्युपत्राचंही तसंच: असेल तर सोबत जोडावं आणि नोंद त्यानुसार मागावी, इथे एवढं पुरे.

असा लेख लिहून झाला की मगच शब्द मोजावेत, आणि तेही मांडणीच्या सोयीसाठी. माझ्या अंदाजाने तो आठशे-नऊशेच्या आसपास थांबेल. कोणी त्याला दीड हजारावर न्यायला सांगितलं तर वाढ कुठे होईल हेही आधीच सांगता येतं: सुरुवातीला, जिथे वाचक सर्वांत कमी धीराने वाचतो. तपासणी सोपी आहे. एकेक परिच्छेद झाकून पाहावा आणि प्रश्नांच्या कागदाकडे बघावं. एकही प्रश्न अनुत्तरित राहत नसेल तर तो परिच्छेद जातो. ‘वारस नोंदीचे फायदे’ हा भाग या चाळणीतून सहसा टिकत नाही. जो ‘कशी करावी’ विचारतो त्याला ती करायचीच आहे. उलटही घडतं. कागदावर प्रश्न आहे आणि लेखात उत्तर नाही, तर लेख दोन हजार शब्दांचा असला तरी तोकडाच.

प्रश्नांचा कागद नुसत्या कल्पनेने भरू नये. तोच शोध मोबाइलवर, स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून करून पाहावा. वर थेट उत्तराची चौकट दिसते की व्हिडिओंची रांग, की सरकारी साइट? ‘ऑनलाइन सातबारा कसा काढायचा’ यावर व्हिडिओ दिसले तर नवल नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडत जायची ती कृती पडद्याच्या चित्रांनी चटकन कळते, शब्दांनी रेंगाळते. खाली येणारे जोडप्रश्नही पाहावेत, आणि शक्य असेल तर तलाठी कार्यालयाच्या व्हरांड्यात अर्धा तास बसावं. तिथे ऐकू येणारे प्रश्न कोणत्याही कीवर्डच्या तक्त्यात नसतात. एक सापळा टाळायचा. वरच्या दहा पानांची सरासरी लांबी काढून तिलाच गरज समजण्याची पद्धत आहे, साधनंही ती हौसेने काढून देतात. मराठीत अनेक विषयांवर मुळात चांगली पानं थोडी, आणि तीही त्याच फुगवणाऱ्या कामाच्या कागदावरून निघालेली. त्यांची सरासरी म्हणजे सवयीची सरासरी. इतरांच्या पानांतून विषय टिपावेत, लांबी नाही.

ही पद्धत सगळं सोडवत नाही. एका ओळीच्या उत्तराला शोधयंत्र स्वतःच्याच पानावर दाखवून टाकतं, मग वाचक आपल्यापर्यंत येतच नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या साइटला हे परवडत नाही, आणि परिच्छेदांमध्ये जाहिराती बसवायला लांब पान सोयीचं पडतं, हेही फुगवट्याचं एक कारण आहे. त्यावर लेखकाच्या हाती एकच उपाय दिसतो: एका ओळीच्या प्रश्नांसाठी वेगवेगळी पानं न काढता त्यांची उत्तरं ‘कशी करावी’च्या मोठ्या लेखातच, पहिल्या दोन ओळींत, ठळकपणे द्यावीत.

लेख प्रसिद्ध झाल्यावर काही आठवड्यांनी सर्च कन्सोलमध्ये पाहावं की तो कोणत्या शोधांना दाखवला गेला. ‘वारस नोंद नामंजूर झाल्यास अपील’ असे शोध दिसले, पण त्यावरून कोणी आत येत नसेल, तर तो प्रश्न आपल्या कागदावर राहून गेला होता. अपील कुठे करायचं ते सांगणारा परिच्छेद त्याच लेखात घालावा. ‘वारस नोंदीनंतर वाटणी कशी करावी’ असे शोध दिसू लागले तर मात्र लेख वाढवू नये. वाटणी हे वेगळं काम आहे, त्याची कागदपत्रं वेगळी, अडचणी वेगळ्या. त्याला नवा लेख आणि प्रश्नांचा नवा कागद.