पेढ्यांपाशी थांबलेलं भाषण

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात रिसेप्शनला केक कापून झाला की टोस्ट होतो. पाहुणे ग्लास हातात घेऊन उभे असतात. बोलणारा लांबला की आधी त्यांचे हात अवघडतात, मग लक्ष उडतं. नवरदेवाच्या जिवलग मित्राने तीन-चार मिनिटांत आटपलेलं बरं. मडगावच्या एका लग्नासाठी पुण्याच्या मित्राने लिहिलेलं भाषण माझ्याकडे कापायला आलं, तेव्हा ते मोठ्याने वाचायला आठ मिनिटं लागत होती.

त्यातला एक किस्सा मात्र खणखणीत होता. दोघे कॉलेजात असताना मोटरसायकलवरून पुण्याहून महाबळेश्वरला निघाले. कुणाला रस्ता विचारायचा नाही, हा नवरदेवाचा बाणा. वाईकडे वळायचा सुरूर फाटा मागे पडला आणि स्वारी थेट साताऱ्यात पोचली. तिथे उतरून तो म्हणाला, "चुकलो नाही. मला पेढेच घ्यायचे होते."

मसुद्यात यानंतर लगेच खुलासा होता : म्हणजे बघा, त्याला चूक मान्यच नव्हती. तो मी सगळ्यात आधी काढला. लोक हसायला लागतात तेव्हाच आपण बोललो, तर ते हसू अर्ध्यावर थांबवतात. मग गाडी कुणाची, पाऊस किती, चहा कुठे प्यायला, हे सगळं गेलं. विनोदाला लागणाऱ्या गोष्टी दोनच : तो रस्ता विचारत नाही, आणि सातारा कंदी पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. दुसरी मसुद्यात नव्हतीच. पुणेकराला ती सांगावी लागत नाही, मडगावच्या पाहुण्यांना सांगावी लागते, आणि तीही सुरुवातीलाच, जाता जाता.

आता नाजूक भाग. ही सहल निघाली होती नवरदेवाचं जुनं प्रेम मोडलं म्हणून. शिवाय राहिलेले विषय आणि उसने पैसे होतेच. माझी कसोटी साधी आहे : ही गोष्ट नवरदेव स्वतः सासूबाईंसमोर जेवताना सांगेल का? रस्ता चुकल्याची तो हसत सांगेल, बाकीच्या नाही. शंका वाटलीच, तर आधी त्याला फोन करून विचारावं. "कॉलेजातली बाकीची प्रकरणं आज नकोत," हे वाक्यही मी खोडलं. असं नुसतं सुचवलं की हॉलमधला प्रत्येक जण आपल्या मनाने भर घालतो आणि नवरीला ते सगळं निमूट सोसावं लागतं. प्रेमभंग काढल्यावर सहलीचं कारणच उरेना. परीक्षाही तेव्हाच संपली होती. ते खरं होतं, म्हणून तेवढंच ठेवलं.

पेढ्यांनंतर मैत्रीवर तीन परिच्छेद होते. तेही गेले. त्या जागी नवरीकडे वळून एकच वाक्य आलं : "आता याच्या शेजारी रस्ता विचारणारी कुणीतरी आहे." त्यावर लगेच दोघांची नावं घ्यायची आणि ग्लास उंचवायचा. एवढं सगळं सव्वातीन मिनिटांत बसलं.