फाल्गुनरावांचा शिमगा परभाषेत का रंगत नाही

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ची पात्रयादी मोठ्याने वाचली, तरी मराठी श्रोत्याच्या ओठांवर हसू उमटते. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या. पडदा अजून वर गेलेला नाही, कोणी एक शब्दही उच्चारलेला नाही. तरीही पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे देऊन नाटककाराने सारे पंचांग रंगमंचावर उभे केले आहे, हे प्रेक्षकाला उमगते. हीच यादी इंग्रजीत छापली की उरतात पाच अनोळखी भारतीय नावे. अनुवादकाने अद्याप एकाही संवादाला हात लावलेला नसतो आणि पहिला विनोद गेलेला असतो.

या नाटकाची कुळकथा पाहिली की गुंता अधिक रंजक होतो, कारण ते मुळात मराठी नाहीच. फ्रेंच नाटककार मोलियर याने 1660 मध्ये ‘स्गानारेल’ हे प्रहसन लिहिले. त्याच्या आधारे आर्थर मर्फी याचे ‘ऑल इन द राँग’ हे नाटक 1761 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. देवलांनी त्यावरून आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक रचले आणि पुढे त्याला पदांची जोड मिळून 1916 मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आले. म्हणजे पॅरिसची गोष्ट लंडनमार्गे मराठीत आली आणि वाटेत तिचा विनोद कोठेही सांडला नाही. मग तीच गोष्ट मराठीतून पुन्हा बाहेर पाठवताना अडखळते का?

घटना आणि शब्द हे विनोदाचे दोन वेगळे सामान आहेत, हे लक्षात घेतले की उत्तर सापडू लागते. मूर्च्छा आलेल्या तरुणीला एका विवाहित गृहस्थाने सावरावे आणि ते नेमके त्याच्या पत्नीने पाहावे. त्या तरुणीच्या प्रियकराची तसबीर पत्नीच्या हाती पडावी आणि ती न्याहाळताना पतीने तिला पाहावे. या दोन दृश्यांतून उसळणारा संशय कोणत्याही भाषेत समजतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. देवलांनी यापूर्वी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले होते. तेथे हातरुमाल जे काम करतो तेच येथे तसबीर करते, फक्त शेवटी प्रेताऐवजी लग्न असते. ही वस्तू परक्या मुलखात सहज नेता येते. नावे आणि बोली मात्र नेता येत नाहीत, आणि देवलांनीही ती नेली नव्हती.

मर्फीच्या नाटकातील संशयी नवऱ्याचे नाव आहे सर जॉन रेस्टलेस, म्हणजे ज्याला चैन पडत नाही असा. आडनावातूनच स्वभाव सांगण्याची ती इंग्रजी रंगभूमीची रूढ पद्धत होती. देवलांना ‘अस्वस्थराव’ किंवा ‘बेचैनशेठ’ करणे अवघड नव्हते. परंतु असे नाव मराठी कानाला बनावट वाटले असते. त्यांनी इंग्रजी नावातली कोटी टाकून दिली आणि तिच्या जागी मराठी माणसाच्या घरात भिंतीवर टांगलेली वस्तू आणली, ती म्हणजे पंचांग.

आता फाल्गुनराव या एका नावात किती सामान आहे ते पाहावे. फाल्गुन हा वर्षाचा शेवटचा महिना, त्यामुळे उतरणीला लागलेल्या नवऱ्याची छटा आपोआप येते. त्याच महिन्यात शिमगा येतो, आणि ‘शिमगा करणे’ म्हणजे मराठीत बोंबाबोंब, आरडाओरडा. घरात रोज संशयाची होळी पेटवणाऱ्या गृहस्थाला याहून चपखल नाव सापडणे कठीण. शेवटी जोडलेले ‘राव’ त्याच्या प्रतिष्ठेची खूण आहे. म्हणून त्याचे बावळटपण अधिक खुलते. पत्नीचे नाव कृत्तिका. ज्योतिषपरंपरेत या नक्षत्राची देवता अग्नी आणि आकार वस्तऱ्याचा मानला जातो. तिच्या जिभेची धार वेगळी सांगावी लागत नाही. आणखी एक गंमत अशी की, कृत्तिका नक्षत्रावरून ज्या महिन्याला नाव मिळाले तो कार्तिक, फाल्गुन नव्हे. ज्याची बायको दुसऱ्याच महिन्याच्या नक्षत्राची, त्या नवऱ्याने संशय घेतला तर नवल काय! हा योगायोगही असू शकेल, पण पंचांग जाणणाऱ्या प्रेक्षकाला तो सुचल्याशिवाय राहत नाही.

नोकराचे नाव भादव्या. भाद्रपदाशी मराठी बोलीने जोडलेले सारे उनाड संदर्भ त्या नावात आहेत. शिवाय ‘राव’ आणि ‘शेठ’ यांच्या शेजारी ‘-या’ हा प्रत्यय बसला की माणसाची पायरी एका अक्षरात कळते. इंग्रजीत तिघांच्याही नावांआधी फार तर ‘मिस्टर’ लावता येते आणि नोकराचे ते काढता येते. उतरंड दिसते, तिच्यातली चेष्टा दिसत नाही.

इंग्रजी ही दूरची भाषा, भारतीय भाषांत तरी हे टिकेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पंचांग तर बहुतेकांचे सामाईक आहे. परंतु महिने सामाईक असले तरी त्यांच्या आठवणी सामाईक नसतात. बंगालीत फाल्गुन म्हणजे वसंत, पळस आणि प्रेम. तेथे फाल्गुन नावाचा माणूस नायक वाटेल, कुरकुरणारा नवरा नव्हे. हिंदीतला फागुन रंगांचा, थट्टेचा आणि दीर-भावजयीच्या छेडछाडीचा. म्हणजे नाव तेच ठेवूनही पात्र बदलते. परका शब्द निदान रिकामा असतो. ओळखीचा शब्द मात्र भलत्याच अर्थाने भरलेला येतो, आणि अनुवादकाला अधिक फसवतो तो हाच.

नावांनंतर येते वाक्यरचना. मराठीतील कोटी पुष्कळदा शब्दाच्या लिंगावर उभी असते. ‘मान’ हा शब्द घ्यावा. अवयव या अर्थी तो स्त्रीलिंगी, ‘माझी मान’. सन्मान या अर्थी पुल्लिंगी, ‘माझा मान’. ‘तुमची मान’ किंवा ‘तुमचा मान’ म्हटले की अर्थ तत्काळ ठरतो आणि कोटी मरते. म्हणून कोटीबाज लेखक अशी जागा शोधतो, जिथे लिंग उघड होत नाही. ‘जरा मान सांभाळा’ असे एखाद्या प्रतिष्ठिताला दाराची चौकट ठेंगणी असताना म्हटले, तर डोके वाचवायचे की अब्रू, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. मराठी प्रेक्षक दोन्ही अर्थ एकाच क्षणी धरतो. हिंदीत सन्मानासाठी ‘मान’ आहे, पण अवयवासाठी ‘गर्दन’. एका शब्दाचे दोन झाले की निवड करावी लागते आणि विनोद संपतो. येथे अनुवादक कमी पडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या भाषेत ते दोन अर्थ एका घरात राहतच नाहीत.

देवलांच्या काळच्या रंगभूमीवर आणखी एक साधन हाताशी होते, ते म्हणजे पतीचे नाव न घेण्याची रीत. कुलीन स्त्री नवऱ्याला ‘इकडून’, ‘तिकडून’ म्हणे, किंवा त्याचा उल्लेख ‘स्वारी’ असा करी. ‘स्वारी’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे मिशीवाल्या पतीलाही ‘स्वारी आली’, ‘स्वारी रागावली’ अशी स्त्रीलिंगी क्रियापदे लागत. संशयाच्या नाटकात ही सोन्याची खाण आहे. समजा, एका पत्नीने मैत्रिणीला सांगितले, ‘आत्ता आली होती, लगेच गेली’, आणि दाराआड कान लावून बसलेल्याला आधीचा ‘स्वारी’ हा शब्द ऐकू आला नाही. कोण आली होती, या प्रश्नाने तो रात्रभर तळमळेल. आणि आलेली व्यक्ती तर त्या घराचा धनीच. (हे उदाहरण येथे समजावण्यासाठी रचले आहे; ते नाटकातील नव्हे.) इंग्रजीत तृतीयपुरुषी सर्वनाम आले की ‘ही’ की ‘शी’ हे पहिल्याच अक्षरात फुटते. बंगालीत उलट अडचण: तेथे क्रियापदाला लिंगच नाही, त्यामुळे फसगत व्हायला आधारच उरत नाही. हिंदीत ‘सवारी’ स्त्रीलिंगी खरी, पण आज तो शब्द कानावर पडताच रिक्षात बसलेला प्रवासी आठवतो.

शिवाय ‘इकडून’ म्हणणारी बाई रागावलेली असली तर गंमत दुप्पट होते, कारण शब्द आदराचा आणि स्वर तोफेचा. त्या जागी ‘तुम्ही’ किंवा ‘आप’ घातले तर फक्त राग उरतो. खरे तर ही पडझड मराठीच्या आतही सुरू आहे. आजच्या मराठी घरांत नवऱ्याला नावाने आणि ‘अरे’ म्हणून हाक मारली जाते. त्यामुळे तरुण प्रेक्षकाला ‘इकडून’ ऐकून हसू येते ते जुनेपणाचे, त्यातल्या विरोधाचे नव्हे. म्हणजे तोही एका अर्थी अनुवादच पाहत असतो.

तिसरी अडचण निव्वळ वेळेची. कोटीचा दुसरा अर्थ वाक्याच्या ज्या शब्दावर उघडतो तो शब्द नटाने उच्चारायचा आणि क्षणभर थांबायचे, अशी तिची बांधणी असते. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून उलगडाही बहुधा शेवटी होतो. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन गुपित फोडते. परभाषिकांसाठी रंगमंचावर उपशीर्षके दाखवली जातात, तेव्हा हे स्पष्ट दिसते. पट्टीवर पूर्ण वाक्य एकदम उमटते. वाचणारा पुढे जातो आणि नट अजून पहिल्या शब्दावर असतो. सभागृहाचा एक भाग आधी हसतो, दुसरा नंतर, आणि दोन हास्यांच्या मधे सापडलेला नट पुढचे वाक्य केव्हा टाकावे या पेचात पडतो. यावर जाणते लोक साधा उपाय करतात. ते कोटीचे वाक्य दोन पट्ट्यांत तोडतात आणि दुसरी पट्टी नटाच्या ओठांकडे पाहून सोडतात. यामुळे वेळ साधते, पण अर्थाचा प्रश्न तसाच राहतो.

मग फाल्गुनरावांना इंग्रजीत काय म्हणावे? मूळ नाव ठेवले तर तळटीप लागते, आणि रंगमंचाला तळ नसतो. ‘मिस्टर मार्च’ म्हटले तर महिना टिकतो, शिमगा जातो. मात्र भारतातील इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकाला मार्चअखेरचे हिशेब आणि कचेरीतली त्रासिक तोंडे आठवतील, आणि प्रत्येक गोष्टीचा ताळेबंद मागणाऱ्या संशयी नवऱ्याला ती छटा मुळीच वाईट शोभणार नाही. कृत्तिकेला तेथे जागा उरत नाही. पाश्चात्त्य पुराणकथेत तो तारकापुंज म्हणजे पाठलाग होत असलेल्या सात बहिणी, वस्तऱ्याची धार तिथे कोठून येणार? तिच्यासाठी वेगळे काही शोधावे लागेल, बहुधा जून-जुलैच्या आसपास, जेव्हा ऊन आणि वीज दोन्ही असतात. तिसरा मार्ग म्हणजे नवऱ्याला पुन्हा ‘रेस्टलेस’ करणे. तसे केले की नाटक जिथून आले तिथे परत पोहोचते आणि देवलांनी त्यात घातलेले तेवढेच नेमके वजा होते.