पुनरारंभ-पुनर्स्थापन प्रणाली

पुनरारंभ-पुनर्स्थापन प्रणाली ही संगणक पुन्हा सुरू होताच त्याची चकती पूर्वनिश्चित स्थितीत परत आणणारी संगणकप्रणाली आहे. सायबर कॅफे आणि महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांमध्ये ती वापरली जाते. फॅरोनिक्स या कॅनडातील कंपनीची 'डीप फ्रीझ' ही तिचे परिचित उदाहरण होय. अनेक जण एकच संगणक वापरत असल्याने होणारे बदल, विषाणू व अनावश्यक फाइली यांपासून संगणक वाचवणे हा तिचा उद्देश असतो. मात्र वापरकर्त्याने जतन केलेले कामही त्याबरोबर नाहीसे होते.

== कार्यपद्धती ==

गोठवलेल्या विभागातील मूळ मजकुरावर ही प्रणाली काहीही लिहू देत नाही. नवे लेखन ती चकतीवरील मोकळ्या जागेत वळवते आणि कोणता बदल कोठे ठेवला याची तात्पुरती नोंद राखते. त्यामुळे संगणक चालू असेपर्यंत फाइल नेहमीसारखी दिसते व उघडते. पुनरारंभानंतर ही नोंद टाकून दिली जाते आणि मूळ स्थितीच पुन्हा दिसू लागते. फाइल 'पुसली' जात नसल्याने ती रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

उदाहरणार्थ, एखाद्या विद्यार्थिनीने प्रकल्प अहवाल डेस्कटॉपवर जतन केला आणि वीज गेली, असे समजू. डेस्कटॉप हा सामान्यतः `C:` विभागातील एक फोल्डर असतो. तो विभाग गोठवलेला असल्यास अहवाल जातो. वर्डने आपोआप राखलेली प्रतही सहसा त्याच विभागात असते. म्हणून घरच्या संगणकावर मिळणारी 'पुनर्प्राप्त फाइल' येथे मिळत नाही.

== ओळख ==

डीप फ्रीझ असलेल्या संगणकाच्या पडद्यावर, घड्याळाजवळ अस्वलाचे छोटे चिन्ह दिसते. त्यावर लाल फुली लुकलुकत असल्यास संरक्षण बंद असते. चिन्ह लपवताही येते, म्हणून ते न दिसणे हा पुरावा नव्हे. काही ठिकाणी `D:` विभाग खुला ठेवलेला असतो, तर काही ठिकाणी तोही गोठवलेला असतो. खात्रीसाठी कामापूर्वी तेथे एक लहान चाचणी फाइल ठेवून संगणक पुन्हा सुरू करावा. फाइल टिकली, तरी अन्य वापरकर्ते ती पुसू शकतात.

== काम सुरक्षित ठेवणे ==

दस्तऐवज सुरुवातीलाच पेन ड्राइव्हवर जतन करावा व दर काही मिनिटांनी `Ctrl+S` दाबावे. उठण्यापूर्वी फाइल बंद करून पेन ड्राइव्हवरूनच पुन्हा उघडून पाहावी आणि मग ड्राइव्ह सुरक्षितपणे काढावा. दुसरी प्रत स्वतःलाच ईमेलने पाठवावी. जोडपत्र पूर्ण चढण्याआधी संगणक बंद झाल्यास ती प्रत मिळत नाही, म्हणून संदेश आल्याची खात्री करून मगच खात्यातून बाहेर पडावे.

== मर्यादा ==

पुनरारंभाने गोठवलेल्या विभागात शिरलेला विषाणू सहसा जातो. परंतु तत्पूर्वी पेन ड्राइव्हवर पसरलेला विषाणू तेथेच राहतो. त्यामुळे असा ड्राइव्ह घरी वापरण्यापूर्वी तपासून घ्यावा लागतो.