स्पेनच्या हॉटेलात 'शाकाहारी आहे का?' एवढं विचारून भागत नाही

बारामती-इंदापूरच्या डाळिंब आणि द्राक्षवाल्यांचं परदेशात जाणं आता नवीन राहिलेलं नाही. माद्रिदला दरवर्षी ऑक्टोबरमध्ये फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे आम्ही पाचजण गेलो होतो. आम्ही तिघं मुसलमान, आणि दोघं शेजारच्या गावचे शेतकरी. त्यातले एक काका माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, दरसाल पालखीबरोबर चालणारे. आम्हाला हलालची खात्री नव्हती म्हणून आम्ही ठरवलं की जिथे जबीहाचं मिळणार नाही तिथे सरळ शाकाहारीच खायचं. म्हणजे काकांचा आणि आमचा प्रश्न एकच झाला. फरक इतकाच की काका अंडंही खात नाहीत, आणि आम्हाला जेवणात दारू पडलेली चालत नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी फसलो. वेटरला म्हटलं, "सिन कार्ने", म्हणजे मांस नको. त्याने मान हलवली आणि पालेभाजीसारखी दिसणारी हिरव्या शेंगांची ताटली आणली. त्यात लालसर बारीक तुकडे होते. ते ख़ामोन निघालं, म्हणजे डुकराचं खारवलेलं, वाळवलेलं मांस. वेटरने आम्हाला फसवलं असं नाही. तिथल्या बोलीत बऱ्याच लोकांना 'कार्ने' म्हटलं की स्टेक, चॉप, असा मटणाचा मोठा तुकडा डोळ्यासमोर येतो. ख़ामोन ही त्यांच्या लेखी चवीसाठी घातलेली वस्तू, जसं आपण फोडणीला हिंग घालतो. टुना मासाही 'कार्ने' नाही, त्यामुळे साध्या 'मिक्स सॅलड'वर तो आणि उकडलेलं अंडं हमखास येतं.

उच्चाराचं एक सांगून टाकतो. स्पॅनिशमध्ये 'ज'सारखं दिसणारं अक्षर ख़ म्हणून उच्चारतात, आपल्या 'ख़बर'मधला ख़. आपल्या घरात उर्दू-दखनी बोलणाऱ्यांना तो सहज येतो. 'व' मात्र 'ब'सारखा ऐकू येतो.

तेव्हा आम्ही वाक्य बदललं: "नो कोमो कार्ने, नि ख़ामोन, नि पोयो, नि पेस्कादो." मी मांस खात नाही, ख़ामोनही नाही, कोंबडीही नाही, मासाही नाही. काकांसाठी शेवटी "नि वेवो" जोडायचं, म्हणजे अंडंही नाही. एकेक नाव घेतल्याशिवाय समोरच्याला आपलं परहेज कळत नाही. 'सोय बेख़ेतारियानो', मी शाकाहारी आहे, हे म्हणा जरूर, पण त्यावर थांबू नका.

दिसणारे तुकडे पकडता येतात. खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची, आणि त्यात पहिली म्हणजे काल्दो. काल्दो म्हणजे आपली यखनी, किंवा आपल्याकडे मटणाचं अळणी पाणी म्हणतो ते. घरच्या यखनी पुलावातल्या सगळ्या बोट्या वेचून बाजूला काढल्या तरी उरलेला भात शाकाहारी होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. स्पेनमध्ये हेच भाजीच्या सूपमध्ये, भातात, मसुरीत होतं. सूप हिरवंगार दिसतं, चमच्याला बोटी लागत नाही, पण ते कोंबडीच्या काल्दोत शिजवलेलं असतं. मसुरीच्या भांड्यात ख़ामोनचं हाड टाकून उकळतात आणि वाढताना काढून घेतात.

इथे विचारायची पद्धत महत्त्वाची. "हे शाकाहारी आहे ना?" असं विचारलं की गर्दीच्या वेळी उत्तर 'सी', म्हणजे हो, असंच येतं. आम्ही वेगळं विचारायला लागलो: "कोन के एस्ता एचो एल काल्दो?" काल्दो कशाचा केलाय? याला हो-नाही असं उत्तरच देता येत नाही, काहीतरी नाव घ्यावं लागतं. 'दे पोयो' म्हटलं तर कोंबडीचा, 'दे कार्ने' तर मांसाचा, 'दे पेस्कादो' तर माशाचा, 'दे बेर्दुरास' तर भाज्यांचा. वेटर अडखळला तर नम्रपणे म्हणायचं, "प्वेदे प्रेगुन्तार एन ला कोथिना?" स्वयंपाकघरात विचारून याल का? आमचा अनुभव असा की आत जाऊन आलेल्या माणसाचं उत्तर बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा वेगळं असतं.

कधी उत्तर येतं, "काल्दो नाही, नुसतं पाणी." तेव्हाही एक प्रश्न उरतोच, 'पास्तिया'चा. पास्तिया म्हणजे चवीसाठी पाण्यात विरघळवायची वडी. ती भाज्यांची असते तशी कोंबडीचीही असते, आणि आचाऱ्याच्या लेखी ती मसाल्यात जमा. तेव्हा पास्तिया कशाची, तेही विचारायचं.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे मान्तेका. स्पेनमध्ये या शब्दाने डुकराची चरबीच समजतात, पूर्ण नाव 'मान्तेका दे थेर्दो'. रोजचा स्वयंपाक तिथे बहुतेक ऑलिव्हच्या तेलातच होतो, त्यामुळे भाजीत ही भीती कमी. ती आहे गोड पदार्थांत. नाताळच्या सुमारास पोल्बोरोन आणि मान्तेकादो नावाची भुसभुशीत बिस्किटं सगळीकडे मिळतात, दिसायला अगदी आपल्या नानकटाईसारखी, आणि ती परंपरेने याच चरबीची. मायोर्का बेटाची एन्साइमादा नावाची गोल गुंडाळलेली गोड पाव-भाकरी तर नावातच चरबी घेऊन आलेली आहे. तिकडच्या कातालान भाषेत 'साइम' म्हणजे डुकराची चरबी. पाकीट घेऊन मुलांसाठी घरी आणायचं असेल तर मागच्या बाजूला हे शब्द शोधा. दुकानात विचारायचं झालं तर, "येबा मान्तेका दे थेर्दो?" यात डुकराची चरबी आहे का?

काही लोक सुचवतात की 'मला अ‍ॅलर्जी आहे' असं ठोकून द्या, लोक घाबरून नीट बघतात. आम्हाला ते पटलं नाही, आणि तसंही त्याचा इथे उपयोग कमीच. युरोपीय संघाच्या २०१४ पासून लागू असलेल्या नियमानुसार हॉटेलांना १४ प्रकारच्या अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी लागते, आणि मेनूकार्डावर त्याची छोटी चित्रंही दिसतात. त्यात अंडं आहे, दूध आहे, मासा आहे, कोळंबीसारखे कवचवाले प्राणी आहेत. पण कोंबडी, डुक्कर, चरबी यांचं त्या यादीत नावच नाही. त्यामुळे ही चित्रं काकांना अंड्यासाठी कामाला आली, यखनी आणि चरबीसाठी नाही. ज्या पदार्थापुढे एकही चित्र नाही त्यातही ख़ामोनचं हाड उकळलेलं असू शकतं.

तिसऱ्या दिवशीचं जेवण सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं चालतं ते कळेल. स्पेनमध्ये दुपारी 'मेनू देल दिया' असतो. ठराविक पैशात दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा फळ. लोक जेवायला दोननंतर येतात, म्हणून आम्ही मुद्दाम दीडलाच गेलो. तेव्हा वेटरला बोलायला फुरसत असते. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या बाईंकडून आमची वाक्यं एका चिठ्ठीवर स्पॅनिशमध्ये लिहून घेतली होती, ती पुढे केली.

पहिल्या पदार्थात चार गोष्टी होत्या. मसूर: वेटर स्वतःच म्हणाला, चोरिथो आहे, म्हणजे डुकराचं सॉसेज. गेली. काकडी-कोवळ्या दुधीसारख्या भाजीचं पांढुरकं सूप: काल्दो कशाचा विचारल्यावर तो आत गेला आणि येऊन म्हणाला, पोयो. गेलं. मिश्र भाज्या ख़ामोनबरोबर परतून आधीच ठेवलेल्या होत्या, ते तुकडे वेचून देतो म्हणाला. आम्ही नको म्हटलं. राहिला गास्पाचो, म्हणजे कच्चा टोमॅटो, काकडी, मिरची, लसूण, तेल आणि व्हिनेगर वाटून केलेलं थंड सार. ते शिजवतच नाहीत, त्यामुळे काल्दोचा प्रश्न नाही. फक्त वरून काय भुरभुरतात ते विचारलं. उत्तर आलं, अंडं आणि ख़ामोन. "सिन" म्हटलं, म्हणजे त्याशिवाय, आणि ते तसंच आलं. वरची भुरभुर शेवटच्या क्षणी पडते, म्हणून ती टाळता येते. शिजताना आत गेलेलं मात्र निघत नाही. दोन्हीतला हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं.

दुसऱ्या पदार्थात तळलेली वांगी होती. वांग्याला 'बेरेनख़ेना' म्हणतात, आणि हा शब्द अरबी 'बादिंजान'वरून आलाय. तेलाला 'आथेइते', ऑलिव्हला 'आथेइतूना', म्हणजे आपलं जैत आणि जैतून. तांदूळ 'आर्रोस', साखर 'आथूकार', हेही अरबीच. मेनूकार्डात असे ओळखीचे चेहरे भेटले की जरा बरं वाटतं. पण वांग्याबाबत विचारलं, "लो फ्रीएन एन एल मिस्मो आथेइते के एल पेस्कादो?" माशाच्याच तेलात तळता का? हो, कढई एकच होती. काका लगेच नको म्हणाले. आमच्यासाठी मासा हलाल असला तरी त्याच कढईत मांसाचे क्रोकेतही तळत होते, म्हणून आम्हीही सोडलं. शेवटी पिस्तो घेतलं, वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरचीची तव्यावर शिजवलेली भाजी, वर अंडं न घालता. तेल ताजं, वाइन नाही, काल्दो नाही, हे तीनही विचारून. गोडात 'आर्रोस कोन लेचे', म्हणजे दुधातला भात, दालचिनी घातलेली. काका म्हणाले, "अरे, ही तर खीरच!" कस्टर्डसारखं फ्लान त्यांनी अंड्यामुळे सोडलं.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना स्पॅनिशशी गाठ पडते ती मेक्सिकन हॉटेलांत, आणि तिथे चरबीचा हिशेब उलटा होतो. गोडापेक्षा जेवणात ती जास्त. 'फ्रिख़ोलेस रेफ्रितोस', म्हणजे घोटलेला राजमा, पारंपरिक पद्धतीत मान्तेकात परततात. तामालेच्या पिठातही ती मळतात, लाल भात कोंबडीच्या काल्दोत शिजवतात, मैद्याच्या तोर्तियात चरबी असू शकते. मक्याची तोर्तिया बहुधा नुसतं मक्याचं पीठ आणि पाणी, म्हणून तीच मागावी. राजमा भांड्यातला अख्खा, न परतलेला, 'दे ला ओया', मिळतो का बघावा, पण त्यातही हाड आहे का ते विचारावं. आणि तिथे 'थेर्दो' म्हणू नका, 'सेर्दो' म्हणा.

अर्जेंटिनाला कुणी निघालं असेल तर एक शब्द आधीच पाठ करून ठेवा. तिथे मान्तेका म्हणजे लोणी. चरबीला ते 'ग्रासा' म्हणतात. सकाळी चहाबरोबर मिळणारी चंद्रकोरीसारखी 'मेदियालूना' दोन प्रकारची असते, 'दे मान्तेका' आणि 'दे ग्रासा'. स्पेनमधल्या सवयीने मान्तेका नको म्हणालात, तर लोण्याची बाजूला राहील आणि चरबीची तुमच्या ताटलीत येईल.